टेकू कुठे ठेवायचा? गाडीच्या बॅटरीचा अडकलेला क्लॅम्प आणि पुलर

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी सुचवलं की बळ, प्रतिबळ, कारण यांच्याबद्दल आपण इतकं बोलतो, तर एखादी हातातली वस्तू घेऊन बोलू या. म्हणून आज आपण गाडीचं बोनेट उघडू. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढलेला असतो, नट सैल केला तरी क्लॅम्प निघत नाही, आणि घाईत माणूस त्याखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला लागतो. हे का करू नये, आणि त्याऐवजी काय करावं, एवढाच आजचा विषय.

आधी तो क्लॅम्प अडकतो कसा ते बघू. बॅटरीच्या झाकणातून शिशाचे दोन खुंट वर आलेले असतात. त्यांना पोस्ट म्हणतात. हे पोस्ट सरळ नळकांडीसारखे नसतात, वर निमुळते होत जातात. युरोपीय मापात दर नऊ मिलिमीटर उंचीला व्यास सुमारे एक मिलिमीटरने कमी होतो. क्लॅम्पचं भोकही आतून तसंच निमुळतं असतं. बॅटरीतल्या गंधकाम्लाचा अंश पोस्टच्या मुळातून आणि झाकणाच्या छिद्रांतून हळूहळू बाहेर येतो. शिशावर त्याचा पांढरा क्षार बनतो, आणि क्लॅम्पमध्ये किंवा केबलमध्ये तांबं असेल तर निळसर-हिरवा मोरचूद. हे क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतात. मधल्या फटीत ते फुगतात आणि पोस्ट व क्लॅम्प एकमेकांत पाचर मारल्यासारखे घट्ट बसतात.

पण याच रचनेत सुटकेची गोष्टही आहे. आकार निमुळता असल्याने क्लॅम्प फक्त एक मिलिमीटर वर सरकला, तर त्याच्याभोवती सुमारे एक-दशांश मिलिमीटर मोकळीक तयार होते. क्षाराचा थर तुटायला तेवढं पुरतं. म्हणजे आपल्याला क्लॅम्प ओढून काढायचा नाहीये, पहिला एक मिलिमीटर मिळवायचा आहे. पुढचं हाताने होतं.

आता स्क्रू ड्रायव्हरचा प्रश्न. आर्किमिडीजच्या नावावर एक गोष्ट सांगतात, की मला उभं राहायला जागा द्या, मी पृथ्वी हलवीन. आपण त्यातलं हलवणं लक्षात ठेवतो, जागा विसरतो. स्क्रू ड्रायव्हरने क्लॅम्प उचकटताना त्याचा टेकू कुठे असतो? बॅटरीच्या प्लास्टिकच्या झाकणावर. जितका जोर क्लॅम्पवर, तितका किंवा त्याहून जास्त झाकणावर. शिवाय तो एकाच बाजूने लागतो, त्यामुळे पोस्ट कलतं. पोस्ट आत शिशाच्या पट्टीला जोडलेलं असतं आणि झाकणाशी त्याचा सांधा बंद केलेला असतो. तो सांधा एकदा उकलला की तिथून आम्ल बाहेर येत राहतं. हातोड्याने ठोकणं किंवा क्लॅम्प धरून पिळणं यातही हेच: आपण क्लॅम्पला जोर देतोय असं वाटतं, पण तो जातो पोस्टच्या मुळाशी.

पुलर वेगळा का, हे इथे कळतं. साध्या बॅटरी पुलरला दोन नख्या असतात, मध्ये एक स्क्रू असतो. नख्या क्लॅम्पच्या खालच्या कडेत अडकवायच्या, स्क्रूचं टोक पोस्टच्या डोक्यावर मध्यभागी टेकवायचं. स्क्रू फिरवला की नख्या क्लॅम्पला वर ओढतात आणि स्क्रू पोस्टला खाली दाबतो. टेकू पोस्टवरच. क्लॅम्पमार्फत पोस्टवर येणारी वरची ओढ आणि स्क्रूचा खालचा दाब समान असतात, एकमेकांना रद्द करतात. झाकणावर आणि आतल्या जोडावर काहीच उरत नाही. जोर जिथे लागतो तिथेच संपतो. पुलरची सगळी हुशारी यात आहे.

पण त्याआधी वीज. बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून शॉक लागत नाही. मात्र दोन टोकं थेट जोडली गेली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. पाना तापून लाल होतो, हातातली अंगठी बोट भाजते. शिवाय चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे चार टक्के झालं की ठिणगीने पेटतो, आणि बॅटरी फुटली तर आम्ल तोंडावर उडतं. म्हणून गाडी चालवून आल्यावर किंवा चार्जर काढल्यावर लगेच हात लावू नका. बोनेट उघडं ठेवून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. किल्ली काढा, दिवे बंद करा, दारं लावून घ्या, म्हणजे आतला दिवाही जळत राहणार नाही. अंगठी, घड्याळ, कडं उतरवा. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे.

कुठलं टोक आधी? आजच्या गाड्यांत बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. म्हणून ऋण आधी. कारण साधं आहे. ऋण टोक सोडवताना पाना बॉडीला लागला तर काही होत नाही, दोन्ही एकाच पातळीवर आहेत. पण ऋण जोडलेलं असताना धन सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर बॅटरीचं शॉर्ट सर्किट झालंच. पुलर तर पान्यापेक्षा मोठा, सगळा लोखंडी. तेव्हा ऋण टोक सोडवेपर्यंत धन टोक त्याच्या लाल टोपीने किंवा रबराच्या तुकड्याने झाका.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या इमारतीतली एक जुनी छोटी पेट्रोल गाडी. पाऊसभर उभी होती, सुरू होत नव्हती. ऋण टोक जरासं मळकट, धन टोकावर मात्र फुलकोबीसारखा थर. आम्ही ऋणाचा नट १० नंबरच्या पान्याने सैल केला, क्लॅम्प हाताने निघाला. ती केबल बाजूला घेऊन दोरीने बांधली, म्हणजे उसळून परत पोस्टला लागणार नाही. आणि ऋण पोस्टवर रबर टाकलं. केबल काढली तरी बॅटरीची दोन टोकं जिवंतच असतात. पुलर एकदम दोन्ही पोस्टना टेकला तर शॉर्ट तसंच होईल.

मग क्षार. एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा. सेलची झाकणं घट्ट आहेत ना, हे आधी पाहिलं, कारण सोडा आत गेला तर बॅटरीतलं आम्लच निकामी करतो. थोडं थोडं ओतलं, फसफसलं. फसफस थांबेपर्यंत ब्रशने घासलं, मग साध्या पाण्याने धुतलं आणि फडक्याने पुसलं. क्लॅम्पच्या खालचा भाग विशेष नीट साफ केला, कारण नख्यांना तिथेच शिरायचं असतं. तिथे क्षार राहिला तर नखी वरवर पकडते आणि जोर लावला की निसटते.

धनाच्या नटाला एक पाना, बोल्टच्या डोक्याला दुसरा. दोन पाने यासाठी, की पिळाचा जोर पोस्टवर जाऊ नये. नट सैल झाल्यावर क्लॅम्पच्या चिरेत स्क्रू ड्रायव्हरचं पातं घालून ते किंचित फिरवलं. ही उचकटणी नाही; इथे टेकू क्लॅम्पच्याच दोन ओठांवर आहे, झाकणावर नाही. तरीही क्लॅम्प हलेना. तेव्हा पुलर.

नख्या दोन्ही बाजूंना समान खोल बसल्या, झाकणाला टेकत नाहीत, हे वाकून पाहिलं. स्क्रूचं टोक टोकदार होतं आणि शिसं मऊ असतं, म्हणून मध्ये एक छोटं चपटं वॉशर ठेवलं. एका हाताने पुलरचा सांगाडा घट्ट धरला, नाहीतर स्क्रूबरोबर तोही फिरतो आणि क्लॅम्प पिळला जातो. स्क्रू हाताने टेकेपर्यंत, मग पाव फेरा, मग थांबायचं. थांबणं इथे कामाचा भाग आहे. ताणाखाली क्षाराचा थर हळूहळू तडकतो. दुसऱ्या पाव फेऱ्यानंतर बारीक ‘टक्’ आवाज आला, आणि पोस्टवर क्लॅम्पच्या खाली चकचकीत शिशाची एक रेघ दिसली. तोच तो एक मिलिमीटर. पुलर काढला, क्लॅम्प दोन बोटांनी वर आला.

सगळ्यांचं असंच होईल असं नाही. घट्ट झाल्यावर दोन-तीन पाव फेऱ्यांत हालचाल नसेल, तर जोर वाढवू नका. स्क्रू उलटा फिरवून ताण सोडा, पुन्हा सोडा घाला, चीर आणखी थोडी उघडा, नख्या नव्याने बसवा. पुलर एका बाजूला कलत असेल तर एक नखी नीट बसलेली नाही. पोस्टच झाकणात फिरतंय किंवा डुलतंय, किंवा त्याच्या मुळाशी ओल दिसतेय, तर तिथेच थांबा. ते बॅटरीच्या दुकानाचं काम आहे. आणि क्लॅम्प फारच खाल्ला गेला असेल तर तो वाचवण्याचा हट्ट कशाला? ऋण केबल काढलेली असताना हॅकसॉच्या पात्याने क्लॅम्प चिरेच्या समोरच्या बाजूने, पोस्टला न लागता, हळूहळू कापता येतो. नवा क्लॅम्प नव्या बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, की नव्या गाड्यांत ऋण टोकावर एक काळी डबी असते तिचं काय? तो बॅटरीचा सेन्सर. पुलरची नखी त्याच्यावर कधीही बसवू नका, तो लगेच तुटतो. नखी फक्त धातूच्या क्लॅम्पखाली. तशी जागा नसेल तर पुलर वापरायचाच नाही. अशा गाड्यांत किल्ली काढल्यावर थोडा जास्त वेळ थांबणंही बरं, कारण आतले संगणक शांत व्हायला काही मिनिटं घेतात.

जोडताना क्रम उलटा: धन आधी, ऋण शेवटी. पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची, क्लॅम्प पूर्ण खाली बसवायचा, नट एवढाच आवळायचा की क्लॅम्प हाताने फिरू नये. मग बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर.

आणि काही आठवड्यांतच त्याच पोस्टवर पुन्हा पांढरं फुललं, तर मात्र क्लॅम्पकडे बघू नका, कारण शोधा. एक तर पोस्टचा सांधा गळतोय, नाहीतर बॅटरी जास्त चार्ज होतेय. इंजिन चालू असताना मल्टिमीटर लावा. साध्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. पंधराच्या वर जात असेल तर दोष अल्टरनेटरच्या रेग्युलेटरमध्ये आहे. तो दुरुस्त होईपर्यंत आपण सोडा कितीही ओतला तरी क्षार पुन्हा येणारच. चला, आता प्रश्न घेऊ.