कमी तरलतेच्या जोड्यांतील लिमिट ऑर्डर व मार्केट ऑर्डर

लिमिट ऑर्डर व मार्केट ऑर्डर हे आभासी चलनांच्या बाजारात खरेदी-विक्री करण्याचे दोन मूलभूत प्रकार आहेत. मार्केट ऑर्डरमध्ये व्यवहार तत्काळ होण्याची जवळजवळ खात्री असते, पण भावाची खात्री नसते. लिमिट ऑर्डरमध्ये भावाची खात्री असते, पण व्यवहार होईलच असे नाही. बिटकॉइनसारख्या मोठ्या उलाढालीच्या चलनात लहान रकमेसाठी हा फरक नगण्य ठरतो. ज्या लहान चलनांना, म्हणजे ऑल्टकॉइनांना, खरेदीदार व विक्रेते थोडे असतात, तेथे मात्र तो व्यवहाराचे सारे गणित बदलू शकतो. अपेक्षित भाव व प्रत्यक्ष मिळालेला सरासरी भाव यांतील तफावतीला स्लिपेज म्हणतात.

## ऑर्डर बुकची रचना

ऑर्डर बुक ही प्रतीक्षेत असलेल्या लिमिट ऑर्डरांची यादी होय. तिच्या एका बाजूला खरेदीदारांनी देऊ केलेले भाव उतरत्या क्रमाने, तर दुसऱ्या बाजूला विक्रेत्यांनी मागितलेले भाव चढत्या क्रमाने लावलेले असतात. सर्वोच्च खरेदी भाव व किमान विक्री भाव यांतील अंतरास स्प्रेड म्हणतात.

प्रत्येक भावाला उपलब्ध असलेली नाणी मर्यादित असतात. मार्केट ऑर्डर प्रथम सर्वांत स्वस्त विक्रेत्याची नाणी घेते, ती संपली की पुढच्या पायरीवर जाते, आणि रक्कम पुरी होईपर्यंत अशीच वर चढत राहते. पडद्यावर ठळकपणे दिसणारा भाव हा सामान्यतः शेवटच्या व्यवहाराचा असतो. त्या भावाला आणखी किती नाणी शिल्लक आहेत, हे त्यावरून कळत नाही.

## उदाहरण

एका काल्पनिक चलनाची टेथरशी असलेली जोडी घेऊ. सर्वोच्च खरेदी भाव ०.९९० टेथर असून विक्रीची बाजू पुढीलप्रमाणे आहे.

| विक्री भाव (टेथर) | उपलब्ध नाणी | लागणारी रक्कम (टेथर) |
|---|---|---|
| १.००० | ३०० | ३०० |
| १.००८ | ५०० | ५०४ |
| १.०२० | ७०० | ७१४ |
| १.०३५ | ९०० | ९३१.५ |

एका व्यक्तीची योजना अशी आहे: २,००० टेथर वापरून १.००० ला २,००० नाणी घ्यायची, भाव १.१०० झाल्यास विकायची आणि ०.९५० पर्यंत पडल्यास तोटा स्वीकारून बाहेर पडायचे. संभाव्य नफा २०० व संभाव्य तोटा १०० टेथर आहे. शुल्क वगळता, तीनपैकी एक व्यवहार यशस्वी झाला तरी ही योजना ना नफा ना तोटा या पातळीवर राहते.

या व्यक्तीने मार्केट ऑर्डर दिली, तर पहिल्या तीन पायऱ्या १,५१८ टेथरमध्ये संपतात. उरलेल्या ४८२ टेथरमध्ये १.०३५ च्या भावाने सुमारे ४६६ नाणी मिळतात. एकूण १,९६६ नाण्यांचा सरासरी भाव सुमारे १.०१७ पडतो, म्हणजेच स्लिपेज सुमारे १.७ टक्के होते. हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु त्याचा परिणाम पूर्ण रकमेवर न मोजता योजनेतील नफा-तोट्यावर मोजावा लागतो. आता १.१०० ला विकल्यास नफा १६२ टेथर होतो, तर ०.९५० ला विकल्यास तोटा १३३ टेथर होतो.

बाहेर पडतानाही हेच घडते. साधी स्टॉप लॉस ऑर्डर ठरलेला भाव येताच मार्केट ऑर्डरमध्ये रूपांतरित होते व खरेदीदारांच्या पायऱ्या उतरत जाते. तिला सरासरी ०.९३५ भाव मिळाला, तर तोटा १६२ टेथरवर पोहोचतो. दुप्पट नफ्याची योजना अशा रीतीने सम-समान होते, आणि ती तगण्यासाठी आता दोनपैकी एक व्यवहार यशस्वी व्हावा लागतो. चलनाविषयीचा अंदाज चुकलेला नसतानाही हा फरक पडतो.

## लिमिट ऑर्डरच्या मर्यादा

याच व्यक्तीने १.००० ची लिमिट ऑर्डर दिली असती, तर ३०० नाणी लगेच मिळाली असती व उरलेल्या १,७०० नाण्यांची मागणी खरेदीच्या बाजूला प्रतीक्षेत राहिली असती. भाव वर निघून गेल्यास हाती केवळ ३०० नाणी राहतात आणि नफाही त्याच प्रमाणात मिळतो. याउलट पूर्ण ऑर्डर भरली जाते ती बहुधा विक्रीचा दबाव वाढल्यावर, म्हणजे भाव खाली जाण्याच्या बेतात असताना. लिमिट ऑर्डरची किंमत अशी स्लिपेजऐवजी हुकलेल्या किंवा प्रतिकूल वेळी झालेल्या व्यवहारांच्या रूपाने मोजावी लागते.

मधला मार्ग म्हणजे कमाल स्वीकारार्ह भाव योजनेवरूनच काढणे. नफा तोट्याच्या किमान दीडपट हवा असेल, तर वरील उदाहरणात प्रवेशाचा भाव १.०१० पेक्षा जास्त चालत नाही, कारण त्या भावाला नफ्याचे अंतर ०.०९० व तोट्याचे ०.०६० राहते. १.०१० ची लिमिट ऑर्डर पहिल्या दोन पायऱ्यांवरील ८०० नाणी सरासरी १.००५ ने लगेच घेते. उरलेली मागणी IOC हा पर्याय निवडल्यास तत्काळ रद्द होते, तर GTC निवडल्यास प्रतीक्षेत राहते. Post Only या पर्यायात ऑर्डर लगेच भरली जाणार असेल, तर ती स्वीकारलीच जात नाही.

## खोलीचा अंदाज

२४ तासांच्या उलाढालीवरून तरलता ठरवणे फसवे असते, कारण स्वतःशीच व्यवहार करून ती फुगवता येते. त्याऐवजी किमान विक्री भावापासून १ टक्का वरपर्यंतच्या सर्व ऑर्डरांची बेरीज पाहणे अधिक उपयुक्त ठरते. वरील उदाहरणात ती केवळ ८०४ टेथर आहे, त्यामुळे २,००० टेथरची ऑर्डर त्या मर्यादेत मावणार नाही हे आधीच समजते. बाजारात शिरण्यापूर्वी खरेदीची बाजूही तपासावी लागते, कारण बाहेर पडण्याचा मार्ग तोच असतो. अर्थात दिसणाऱ्या ऑर्डर कोणत्याही क्षणी काढून घेतल्या जाऊ शकतात. भाव वेगाने पडू लागताच खरेदीदार मागे हटतात व स्टॉप लॉसला अंदाजापेक्षा अधिक स्लिपेज सोसावे लागते.

## २०१७ ची घटना

पुरेशी खोली नसेल तर मोठ्या चलनातही असे घडू शकते. २१ जून २०१७ रोजी जीडॅक्स या अमेरिकी बाजारमंचावर काही दशलक्ष डॉलरच्या एका मार्केट ऑर्डरने इथरची विक्री झाली आणि भाव ३१७.८१ डॉलरवरून २२४.४८ डॉलरपर्यंत उतरला. त्यामुळे सुमारे ८०० स्टॉप लॉस ऑर्डर व उसनवारीवरील सक्तीच्या विक्री कार्यान्वित झाल्या, आणि काही व्यवहार १० सेंट इतक्या कमी भावाला झाले. भाव लवकरच सावरला. बाजारमंचाने झालेले व्यवहार रद्द केले नाहीत, मात्र नुकसान झालेल्या ग्राहकांना स्वतःच्या निधीतून भरपाई देण्याचे जाहीर केले.

## हे सुद्धा पहा

* ऑर्डर बुक
* तरलता
* स्टॉप लॉस