प्लॉटचा चढउतार आणि मातीचा हिशेब

एकाच उंचीवरचे बिंदू जोडणाऱ्या रेषेला समोच्च रेषा किंवा कंटूर म्हणतात. 20 मीटर लांब आणि तितकाच रुंद असा उताराचा प्लॉट घेऊ. त्याची वरची कड 102 मीटर पातळीवर आहे, खालची 100 वर. दर अर्ध्या मीटरला कंटूर काढला, तर उतार एकसारखा असल्यामुळे या रेषा 5-5 मीटर अंतरावर येतात.

या रेषांवरचे बिंदू त्रिकोणांनी जोडले की जमिनीचे त्रिमितीय प्रारूप तयार होते. मात्र त्रिकोणाचे तिन्ही कोपरे एकाच कंटूरवर पडले, तर तो त्रिकोण सपाट होतो. मग प्रारूपात टेकाडाचा माथा कापल्यासारखा दिसतो आणि ओहोळाच्या तळाशी पायऱ्या उमटतात. तिन्ही कोपऱ्यांची पातळी सारखी असलेले त्रिकोण शोधले की ही चूक सापडते. ती टाळण्यासाठी माथ्यावर, ओहोळाच्या तळाशी आणि बांधावर वेगळ्या पातळ्या घ्याव्या लागतात. त्रिकोणाच्या बाजू ओहोळ किंवा बांध ओलांडून जाणार नाहीत, त्याच्या कडेनेच जातील, हेही पाहावे लागते.

आता जोत्यासाठी 101 मीटरवर सपाटी करायची आहे. वरच्या कडेला 1 मीटर खोदाई होते आणि ती कमी होत मध्यावर शून्य होते. म्हणजे खोदाईचा उभा छेद 5 चौरस मीटरचा त्रिकोण आहे. त्याला 20 मीटर रुंदीने गुणले की 100 घनमीटर, म्हणजे सुमारे 35 ब्रास खोदाई निघते. खालच्या अर्ध्या भागात भरावही तेवढाच लागतो.

सपाटी 20 सेंटिमीटर वर, म्हणजे 101.2 वर नेली, तर हिशेब पार बदलतो. खोदाई 64 घनमीटरवर येते आणि भराव 144 वर जातो. 80 घनमीटर, म्हणजे सुमारे 28 ब्रास मुरूम बाहेरून आणावा लागतो. इथे खोदाई संपून भराव सुरू होण्याची रेषा वरच्या कडेपासून 8 मीटरवर येते. ती न पाहता 10 मीटरच्या चौकोनांची सरासरी घेतली, तर खोदाई 60 आणि भराव 140 दिसतो. दोन्हींतला फरक बरोबर 80 येतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण खोदाईचे बिल कमी धरले जाते. म्हणून ही शून्य रेषा ज्या तुकड्यातून जाते, तो तिथेच विभागून दोन्ही बाजूंचे घनफळ वेगळे मोजतात.

ही मापे जागेवरच्या घट्ट मातीची आहेत. खोदलेली माती फुगते, त्यामुळे ट्रकच्या खेपा धरताना साधारण 20 ते 30 टक्के वाढ धरतात. भरावात ती थराथराने दाबली की पुन्हा आकसते.

या हिशेबाची मर्यादा पातळ्यांच्या अचूकतेत आहे. अर्ध्या मीटरच्या कंटूरमध्ये पाव मीटरची चूक चालवून घेतली जाते. ती सगळीकडे एकाच दिशेने झाली, तर 400 चौरस मीटरवर 100 घनमीटरचा फरक पडतो, म्हणजे पहिल्या उदाहरणातल्या संपूर्ण खोदाईइतका. सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशात दोन कंटूरमधले अंतर साधारणपणे 20 मीटर असते, त्यामुळे प्लॉटसाठी तो निरुपयोगी ठरतो. तिथे ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशनने जागेवरच पातळ्या घ्याव्या लागतात.