व्यायामप्रकार कधी बदलावा?

दर चार आठवड्यांनी व्यायामाचा तक्ता बदलून देण्याची पद्धत जिममध्ये सर्रास आढळते. शरीराला सवय झाली की स्नायू वाढायचे थांबतात, असे त्याचे कारण सांगितले जाते. तालमीत मात्र पैलवान वर्षानुवर्षे तेच जोर आणि त्याच बैठका मारतात. वाढत जाते ती संख्या. खरे तर स्नायूला प्रकाराच्या नवेपणाचे वावडे नसते आणि गरजही नसते. त्याला हवा असतो हळूहळू चढत जाणारा भार. सवय होते ती भाराची, आणि वजन किंवा आवर्तने वाढवली की ती मोडते.

प्रकार बदलला की दोन गोष्टी लगेच जाणवतात आणि दोन्ही फसव्या असतात. पहिली म्हणजे अंगदुखी. अनोळखी हालचालीनंतर एक-दोन दिवसांनी स्नायू ठणकतात. तोच व्यायाम पुन्हा केला की ठणका बराच कमी होतो. म्हणून नवा व्यायाम ‘लागला’ असे वाटते, पण ठणका हे वाढीचे माप नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे झपाट्याने वाढणारे वजन. सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू हालचाल शिकल्यामुळे होते. स्नायू त्यामानाने सावकाश भरतो.

समजा, एखादी व्यक्ती बेंच प्रेसमध्ये 40 किलोची 8 आवर्तने करते. तक्ता बदलतो आणि तिला तिरप्या बाकावर डंबेल उचलायला सांगितले जाते. पहिल्या आठवड्यात हात डगमगतात, प्रत्येक हाती 10 किलोच पेलवतात. चौथ्या आठवड्यात 14 किलो सहज होतात. कागदावर प्रगती घसघशीत दिसते, पण छातीचा स्नायू महिन्याभरात तेवढा वाढलेला नसतो. हातांना तोल सापडलेला असतो. नेमके शिकणे संपून खरी मेहनत सुरू होणार, तेव्हा तक्ता पुन्हा बदलतो आणि मशिनवर नव्याने शिकणे सुरू होते. तीन महिन्यांनी ती व्यक्ती बेंच प्रेसकडे परतली, पहिले एक-दोन दिवस हात पुन्हा बसू दिला, आणि तरीही 40 किलोची 8 आवर्तनेच झाली, तर मधल्या बदलांनी ताकदीत फारशी भर घातली नाही असे समजावे. 45 किलोची 8 झाली, तर बदल कामी आला. ही पडताळणी करायची तर एखादा तरी व्यायाम मोजपट्टी म्हणून कायम ठेवावा लागतो आणि वहीत वजन व आवर्तने लिहावी लागतात. वही नसेल तर कशाने फायदा झाला हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

याचा अर्थ बदल निरुपयोगी असतो असा नाही. मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायू असतात. त्यांतला एक गुडघ्याबरोबर खुब्यावरूनही जातो. स्क्वॉटमध्ये खुबा आणि गुडघा एकाच वेळी वाकत-उघडत असल्यामुळे त्या स्नायूची लांबी फारशी बदलत नाही आणि त्याला इतर तिघांइतके काम मिळत नाही. बसून पाय सरळ करण्याचा लेग एक्स्टेन्शन ही उणीव भरून काढतो. म्हणजे नेमकी जागा भरणारा बदल उपयोगी. नुसती अदलाबदल नव्हे. शिवाय असा व्यायाम स्क्वॉट काढून टाकून नव्हे, त्याच्या जोडीला घ्यायचा असतो.

म्हणून स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट, रोइंग यांसारखे मोठे व्यायाम वाढ चालू आहे तोवर, कित्येक महिनेसुद्धा, तसेच ठेवणे शहाणपणाचे. नवशिक्याला तर अदलाबदलीची गरज जवळपास नसतेच. दंड, पोटऱ्या, खांदे यांचे छोटे व्यायाम सहा-आठ आठवड्यांनी बदलायला हरकत नाही. ते शिकायला वेळ लागत नाही. कंटाळा हेही बदलाचे रास्त कारण आहे, कारण कंटाळून जिमला दांडी मारण्यापेक्षा प्रकार बदललेला बरा.

मोठा व्यायाम तीन-चार आठवडे एकाच आकड्यावर अडकला, तर आधी झोप, आहार आणि थकवा तपासावा. आठवडाभर भार हलका केल्यावर आकडा पुढे सरकला, तर दोष प्रकाराचा नव्हता. तरीही अडलेलाच राहिला, तर जवळचा प्रकार निवडावा: नेहमीच्या स्क्वॉटऐवजी पुढे बार धरून केलेला, किंवा बेंच प्रेसमध्ये हातांतले अंतर कमी केलेला. जवळच्या प्रकारात कमावलेली ताकद मूळ व्यायामात जास्त उतरते.

सांधेदुखी असेल तर मात्र चार आठवडे थांबू नये. स्नायूची दुखी पसरलेली असते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. सांध्याची बहुधा एका ठिकाणी, दर वेळी त्याच कोनात टोचते आणि वजनाबरोबर वाढते. बेंच प्रेसमध्ये खांदा पुढून असा टोचत असेल, तर तळवे एकमेकांकडे ठेवून डंबेल घ्यावेत किंवा जमिनीवर पडून प्रेस करावा, म्हणजे कोपर फार खाली जात नाही. एवढ्यानेही टोचणे थांबले नाही, तर खांदा डॉक्टरांना दाखवावा.