टाकीवरचा बुरशीचा डाग

अमेरिकेत फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावर, ‘पॅड बी’ या उड्डाणतळाशेजारी, द्रव हायड्रोजनाची एक गोल टाकी १९६०च्या दशकात उभी राहिली. सुमारे ३२ लाख लिटरची. तिच्यातला हायड्रोजन पहिल्यापासून जरा जास्तच उडून जाई. ‘पॅड ए’वरच्या जुळ्या टाकीच्या जवळजवळ दुप्पट. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिला नवा रंग दिला, तर एका जागी रंग नीट धरेना आणि तिथे बुरशी आली. हात लावला तर ती जागा गार लागावी, अशी.

हे कोडं समजायला टाकीची रचना बघावी लागते. ती गोलात गोल अशी आहे. आतल्या गोलाची त्रिज्या साधारण ९.३७ मीटर, बाहेरच्याची १०.६७. मधल्या पोकळीत पर्लाइट भरलेलं असतं. पर्लाइट म्हणजे तापवल्यावर लाहीसारखी फुलणारी ज्वालामुखीजन्य काच. शिवाय त्या पोकळीतली हवाही काढून घेतलेली असते. आत उणे २५३ अंश सेल्सियस, बाहेर ३० अंश. फरक २८३ अंशांचा.

बाहेरच्या उष्णतेला आत पोचायला तीन नाकी ओलांडावी लागतात. पहिलं, हवेतून बाहेरच्या पत्र्यापर्यंत, म्हणजे अभिसरण. दुसरं, पर्लाइटच्या थरातून वहन. तिसरं, आतल्या पत्र्यापासून द्रवापर्यंत पुन्हा अभिसरण. प्रत्येक नाक्याचा एक रोध असतो आणि एकामागून एक असल्यामुळे त्यांची बेरीज होते.

सपाट भिंतीत उष्णतेची वाट सगळीकडे सारख्याच रुंदीची असते. गोलात ती आत जाताना अरुंद होत जाते, म्हणून वहनाचा रोध नुसत्या जाडीवरून काढता येत नाही:

R = (1/r1 − 1/r2) / (4πk)

यात r1 आणि r2 या आतली व बाहेरची त्रिज्या, तर k म्हणजे पदार्थाची उष्णतावाहकता. निर्वात पर्लाइटसाठी k ०.००१५ धरली, तर रोध येतो ०.६९ अंश प्रति वॅट. बाहेरच्या हवेचा अभिसरण गुणांक १० धरला, तर १,४३० चौरस मीटर पृष्ठभागाचा रोध फक्त ०.००००७ भरतो. आतल्या द्रवाचा त्याहूनही कमी. म्हणजे जवळजवळ सगळी अडवणूक एकटं पर्लाइट करतं.

आता २८३ला ०.६९ने भागलं की ४१० वॅट मिळतात. एवढ्या अवाढव्य टाकीत शिरणारी उष्णता घरातल्या मिक्सरच्या विजेहून फारशी वेगळी नाही! एक किलो द्रव हायड्रोजन उकळायला सुमारे ४४६ किलोज्यूल लागतात. त्या हिशेबाने दिवसाला ७९ किलो, म्हणजे साधारण १,१०० लिटर द्रव उडून जाईल. आधाराचे पाय आणि नळ्या यांतून येणारी उष्णता यात धरलेली नाही, तीही मोजावी लागते.

थर आणखी जाड केला तर? गोलाच्या सूत्रात एक गंमत आहे. r2 कितीही वाढवली तरी 1/r2 शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे अनंत जाडीच्या थरातूनही या टाकीत सुमारे ५० वॅट येतच राहतील.

उष्णतेच्या हिशेबात क्षुल्लक ठरलेला बाहेरच्या हवेचा रोध रोगनिदानाला मात्र फार कामाचा. धडधाकट टाकीचा पत्रा हवेपेक्षा जेमतेम ०.०३ अंशाने थंड असतो. हाताला ते कळणारच नाही. पण समजा एखादा भाग १० अंशांनी थंड आहे. मग तिथे दर चौरस मीटरमागे १०० वॅट आत शिरत असणार. एरवीचा आकडा आहे ०.२९ वॅट. असा चार चौरस मीटरचा तुकडाही एकूण गळती दुप्पट करायला पुरतो. दमट हवेत तिथे दव धरतं, ओल राहते, रंग सुटतो आणि बुरशी येते.

‘पॅड बी’च्या टाकीत नेमकं हेच घडलं असावं, असा अभियंत्यांचा कयास होता. पर्लाइट नसलेल्या जागी निर्वात असलं तरी उष्णता प्रारणाने सरळ आतल्या गोलावर पडते. प्रारणाला माध्यम लागत नाही. ते थोपवण्याचं काम पर्लाइटचे कण करतात. उष्णताचित्रांतही तोच भाग उठून दिसला. स्पेस शटलच्या सेवेतून टाकी मोकळी झाल्यावर ती रिकामी केली, वरच्या झाकणातून बोरोस्कोप आत सोडला, आणि गार डागाच्या जागीच पर्लाइटमध्ये मोठं भगदाड सापडलं. मग ट्रकांनी पर्लाइट आणून ते भरून काढलं.

त्याच तळासाठी पुढे बांधलेल्या, सुमारे ४७ लाख लिटरच्या नव्या गोल टाकीत पर्लाइट नाही. तिच्या पोकळीत काचेचे सूक्ष्म, आतून पोकळ गोळे भरले आहेत.