पेन्शनचं गाव बदलताना

लातूरच्या एक निवृत्त शिक्षिका मुलाकडे मुंबईला कायमच्या राहायला गेल्या, असं समजू. पेन्शन मात्र अजून लातूरच्या शाखेत जमा होतं. खरं तर एटीएममुळे ते मुंबईतही काढता येतं. पण सही जुळवायची, पासबुक भरायचं, हयातीच्या दाखल्याची अडचण सोडवायची, तर शाखा जवळ हवी.

राज्य सरकारचं पेन्शन बँक नव्हे, कोषागार पाठवतं. त्यामुळे नुसतं बँकेत जाऊन भागत नाही. अर्ज लातूरच्या कोषागार अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. मुंबईत हे काम अधिदान व लेखा कार्यालयाकडे असतं, म्हणून प्रकरण तिकडे वर्ग करण्याची विनंती त्यातच हवी.

मजकूर लांबवायची गरज नाही: ‘मी मुंबई येथे कायमची स्थलांतरित झाले आहे. माझे निवृत्तिवेतन पुढील खात्यात जमा व्हावे, ही विनंती.’ खाली पीपीओ क्रमांक, जुनं व नवं खातं, आयएफएससी, नवा पत्ता, मोबाइल. सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत. आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. चौकशीला तोच कामी येतो.

घाई नडते ती जुनं खातं बंद करण्यात. नव्या खात्यात पहिली रक्कम दिसेपर्यंत ते चालूच ठेवावं, नाहीतर पैसे परत फिरतात.

ईपीएस-९५ वाल्यांची या बाबतीत बरीच सुटका झाली आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत वितरणामुळे शाखा बदलताना त्यांचं पीपीओ एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पाठवावं लागत नाही.