एक भेट, एकच मूळ नोंद

कार्यालयाच्या आउटलुकमध्ये मंगळवारची बैठक अकरा वाजता दिसते. घरच्या गुगल कॅलेंडरमध्ये मात्र तीच बैठक दोनदा दिसते, एकदा अकराला आणि एकदा दहाला! अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो. एका भेटीच्या दोन स्वतंत्र नोंदी तयार झालेल्या असतात आणि त्या परस्परांना ओळखत नाहीत.

कॅलेंडरमधील नोंदींची देवघेव आयकॅलेंडर या प्रमाणित पद्धतीने होते. ही पद्धत १९९८ साली ठरली आणि २००९ साली सुधारली गेली. तीनुसार प्रत्येक नोंदीला UID नावाची एक ओळख-खूण असते. भेटीचे नाव वा वेळ बदलली, तरी ही खूण बदलत नाही. तिच्या जोडीला SEQUENCE हा आवृत्तीचा क्रमांक असतो. आयोजकाने वेळ बदलली की तो वाढतो. त्यामुळे आलेली नोंद नवी भेट आहे की जुन्याच भेटीची सुधारित आवृत्ती, हे समोरच्या कॅलेंडरला कळते.

गोंधळ सुरू होतो तो आयातीतून. एका कॅलेंडरमधील नोंदी फाइलमध्ये काढून दुसऱ्यात घातल्या, की ती त्या क्षणापुरती नक्कल ठरते. पुढे मूळ बैठक बुधवारवर गेली तरी नक्कल मंगळवारलाच चिकटून राहते. सीएसव्ही प्रकारच्या फाइलमध्ये तर UID नसतोच. म्हणून तीच फाइल पुन्हा आयात केली की सगळ्या नोंदी दुप्पट होतात.

यावर उपाय असा की प्रत्येक भेटीचे मूळ एकाच कॅलेंडरमध्ये ठेवावे आणि बदलही तिथेच करावेत. कार्यालयाच्या बैठका घरच्या कॅलेंडरमध्ये केवळ पाहायच्या असतील, तर वेब आउटलुकच्या सेटिंगमध्ये Shared calendars या भागात Publish a calendar हा पर्याय असतो. तिथे मिळणारा ICS दुवा गुगल कॅलेंडरमध्ये Other calendars शेजारच्या अधिक चिन्हातून From URL येथे द्यावा. या नोंदी तिथून बदलता येत नाहीत. ही उणीव नव्हे, सोय आहे. कारण जिथे बदल करताच येत नाही, तिथे तो हरवतही नाही. मात्र मूळ बदल गुगलमध्ये उमटायला बारा तासही लागू शकतात. तासाभरापूर्वी पुढे ढकललेली बैठक पाहायची तर आउटलुकच उघडावे. दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला नोंदी दिसतात, हेही ध्यानात असू द्यावे. अनेक कार्यालये ही सोय बंद ठेवतात, ती याचसाठी.

उलट दिशेला निमंत्रणाचा मार्ग अधिक चांगला. समजा, १० मार्च २०२६ रोजी, मंगळवारी दुपारी चार वाजता मुलाच्या शाळेत पालकसभा आहे. गुगल कॅलेंडरमध्ये नोंद करून पाहुणा म्हणून आपलाच कार्यालयीन ई-मेल पत्ता द्यावा आणि तिकडे निमंत्रण स्वीकारावे. तो वेळ आता सहकाऱ्यांनाही व्यग्र दिसेल. शाळेने सभा पाचला ठेवली, तर गुगलमध्येच वेळ बदलावी आणि पाहुण्यांना कळवावे. कार्यालयाकडे जाणाऱ्या नोंदीचा गाभा असा असतो:

```
UID:sabha-0310@example.com
SEQUENCE:1
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260310T170000
```

UID तोच आणि क्रमांक शून्यावरून एक झालेला, म्हणून आउटलुक नवी नोंद न करता जुनीच पाचवर सरकवते. पण आपण आउटलुकमधील प्रतीतच वेळ बदलली, तर तो बदल गुगलपर्यंत पोहोचत नाही आणि आयोजकाची पुढची सुधारणा आली की पुसला जातो. ‘बदल हरवला’ म्हणतात तो बहुधा असा. शिवाय निमंत्रणातील मजकूर कार्यालयाच्या यंत्रणेत जातो. तेव्हा खासगी तपशील त्यात लिहू नये. ‘वैयक्तिक काम’ एवढे पुरे.

मोबाइलवर आणखी एक फसगत होते. तिथे कार्यालयाचे खाते जोडलेले असते आणि गुगलमधून तेच कॅलेंडर दुव्यानेही येत असते. मग प्रत्येक बैठक दोनदा दिसते. त्यातली एक नोंद खोडू नये, कारण खाते जोडलेले असल्याने मूळ बैठकच रद्द होऊ शकते. कॅलेंडरच्या यादीतील एका नावापुढची खूण काढली की पुरे. खरी नक्कल ओळखायची असेल, तर मूळ बैठकीच्या शीर्षकात एक अक्षर वाढवून दुसऱ्या दिवशी पाहावे. ज्या नोंदीत ते अक्षर आलेले नाही, ती नक्कल. आयात करावीच लागली, तर त्यासाठी स्वतंत्र कॅलेंडर उघडावे, म्हणजे काम झाल्यावर ते एकदमच काढून टाकता येते.