भजन स्पर्धेत बक्षीस न मिळालेल्यांसाठी परीक्षकाचे मनोगत

भजन स्पर्धेत शेवटचे मंडळ मंचावरून उतरल्यावर निकाल जाहीर होईपर्यंत थोडा वेळ जातो. गुणपत्रिकांची बेरीज चालू असते आणि सभागृह भरलेले असते. परीक्षकाचे मनोगत याच वेळात व्हायला हवे. बक्षिसे वाटून झाल्यावर ते ठेवले, तर ज्यांच्यासाठी ते असते ती मंडळी तोवर पेटी, पखवाज आणि टाळ गाडीत भरून गावाकडे निघालेली असतात. बीड जिल्ह्यात हरिनाम सप्ताह गावोगावी होतात, त्यामुळे भजन म्हणणारी माणसेही गावोगावी आहेत. तरीही तालुक्याच्या ठिकाणी स्पर्धा झाली की बक्षिसे तीन-चार आणि मंडळे त्याच्या कितीतरी पट, असेच गणित असते. त्यामुळे परीक्षक बोलतो तेव्हा समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना रिकाम्या हाताने परत जायचे असते.

या भाषणाची तयारी भजन चालू असतानाच होते. गुणपत्रिकेत सूर, ताल, शब्दोच्चार, चाल व भाव आणि शिस्त व वेळ असे रकाने असतात. नुसता आकडा लिहिणाऱ्या परीक्षकाकडे शेवटी बोलायला काही उरत नाही. आकड्याशेजारी दोन शब्दांचे कारण लिहून ठेवले, जसे ‘अंतऱ्यात आवाज ताणला’, ‘टाळात शब्द बुडाले’, ‘गौळणीत लय पळाली’, तर संध्याकाळी त्याच नोंदींतून भाषण उभे राहते. पंधरा-वीस पत्रिका एकत्र पाहिल्या की तेच तेच दोन-तीन दोष पुन्हा दिसतात. भाषणात तेवढेच घ्यायचे असतात.

त्यांतला एक दोष नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. समजा, महिलांच्या एका मंडळाला १०० पैकी ७४ गुण मिळाले: सूर २५ पैकी १४, ताल २५ पैकी १८, शब्दोच्चार २० पैकी १७, चाल व भाव २० पैकी १६, शिस्त व वेळ १० पैकी ९. तिसरे बक्षीस ७९ गुणांवर गेले. बाकीच्या रकान्यांत मंडळ कुठेच फारसे मागे नाही. पाच गुणांचे अंतर मुख्यतः सुरात पडले आहे, आणि सुराचे कारण गळ्यात नसून पट्टीत आहे. गावातला पखवाज पुरुषांच्या भजनासाठी काळी एकला लावलेला असतो. महिलाही त्याच पट्टीत गातात. ध्रुवपद कसेबसे निभते, पण अंतरा तार षड्जाच्या वर गेला की आवाज चिरकतो. मग काही जणी खालच्या सप्तकात उतरतात, काही गप्प होतात आणि समूहाचा सूर फुटतो. बायकांच्या बहुतेक गळ्यांना काळी चार किंवा त्याच्या आसपासची पट्टी सोसते. पखवाजाची शाई हातोडीने एवढी खाली उतरवता येत नाही. फार सैल केली की नाद बसतो. तरीही दुसरा पखवाज घ्यावा लागतोच असे नाही. काळी चार षड्ज धरला, तर काळी एक हा त्याचा मध्यम होतो. ज्या चालीत मध्यम ठळक आहे, तिथे तोच पखवाज शोभतो. पंचमावर उभी असलेली चाल मात्र त्यावर घेऊ नये.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे पळणारी लय. भजनाची लय शेवटाकडे वाढवणे परंपरेला धरूनच आहे. पण ती एका खुणेवर सगळ्यांनी मिळून वाढवणे वेगळे आणि टाळकऱ्यांच्या उत्साहात ती नकळत सरकणे वेगळे. याची परीक्षा घरी घेता येते. मोबाइलवर भजन ध्वनिमुद्रित करून आठ मात्रांच्या ठेक्याची पहिली आठ आवर्तने मोजावीत. त्यांना ४० सेकंद लागले आणि लय वाढवण्याची खूण होण्याआधीच पुढच्या आठ आवर्तनांना ३० सेकंद लागले, तर लय हातातून सुटली आहे.

हे सांगताना एक शिस्त पाळावी लागते. गुण मंडळाची ओळख देऊन सांगायचा आणि दोष कोणाचीही ओळख न देता. उदाहरणार्थ: “माउली, आज सकाळी तिसऱ्या नंबरला जे मंडळ बसलं, त्यांच्या गौळणीची चाल ऐकून माझा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला. शब्द तर इतके स्वच्छ, की मागं बसलेल्या आजीलाही कळाले. आता सगळ्याच मंडळांसाठी सांगतो. पेटीवाल्याला विचारून पट्टी ठरवू नका, गाणाऱ्या बाईला विचारून ठरवा. तीन-चार मंडळांचे गुण आज फक्त तिथं गेलेत.” ज्याचे त्याला कळते आणि चारचौघांत कोणी खाली मान घालत नाही.

अशा भाषणात काही वाक्ये सवयीने येतात आणि ती घात करतात. ‘हारजीत महत्त्वाची नाही’ हे वाक्य टेबलावर ढाली मांडलेल्या असताना पटत नाही. ‘भजन ही भक्ती आहे, तिला गुण कसे द्यायचे’ असे गुण देणाऱ्यानेच म्हटले, तर महिनाभर तालीम केलेल्याला आपले कष्ट वाया गेल्यासारखे वाटते. भजन शिकावे लागते, हे बीडच्या श्रोत्यांना सांगावे लागत नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, आणि जोग महाराजांचे शिष्य बंकटस्वामी यांचे नेकनूर याच जिल्ह्यातले. तिथला विद्यार्थी जे चार वर्षे घोटतो, ते शेतीकाम सांभाळून जमवणाऱ्या मंडळाला वेळ लागणारच. हे सरळ सांगितले, तर पराभवाला त्याचे खरे माप मिळते.

सल्ला देताना जिल्ह्याचे वर्षही लक्षात घ्यावे लागते. दसरा-दिवाळीनंतर बीडमधली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ‘रोज तालीम करा’ हे वाक्य अशा मंडळाच्या उपयोगाचे नसते. त्याऐवजी कामाची वाटणी सांगावी. फडावर, कोपीवर असताना अभंग पाठ करणे, उच्चार सुधारणे आणि मोबाइलवर चाल ऐकून बसवणे होऊ शकते. पेटीवर पट्टी ठरवणे आणि टाळ-पखवाजासोबत लय बांधणे परतल्यावरच शक्य आहे. पाठांतर आधीच झालेले असेल, तर पावसाळ्याआधी हाती असलेले थोडे दिवस पूर्णपणे सूर-तालाला देता येतात.

या भाषणाला एक मर्यादाही आहे. बेरीज चुकली असेल किंवा वेळेचे गुण एका मंडळाला कापून दुसऱ्याला सोडले असतील, तर गोड शब्दांनी ते भरून निघत नाही. निकाल दुरुस्तच करावा लागतो. म्हणून मनोगत पाच-सात मिनिटांत आटोपून परीक्षकाने शेवटी सांगावे, की प्रत्येक मंडळाने आपली गुणपत्रिका शेऱ्यासह पाहून जावी. मंडळप्रमुखाने ती मोबाइलवर टिपून घेतली, की पुढच्या वर्षीची पहिली तालीम कुठून सुरू करायची हे ठरलेले असते.